फक्त लॅपटॉपलाच वायफाय कमी येतंय, मोबाईलला फुल्ल : रिपेरिंगनंतर सैल झालेली अँटेना वायर

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमची केस हीच आहे का ते लगेच कळेल. एकाच खोलीत एकाच टेबलावर मोबाईलला वायफायच्या सगळ्या दांड्या आणि लॅपटॉपला एक, फार तर दोन. लॅपटॉप उचलून राऊटरच्या शेजारी नेला की मस्त चालतो, एक भिंत मधे आली की रडायला लागतो. पाच गिगाहर्ट्झचं नेटवर्क तर लिस्टमध्ये दिसतच नाही, २.४ वालं तेवढं दिसतं. कधीकधी ब्लूटूथचा माऊसपण अडखळतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे सगळं लॅपटॉप एकदा कुठेतरी उघडून आल्यानंतर सुरू झालंय, मग ते बिजागरीचं काम असो, कीबोर्ड बदललेला असो, स्क्रीन असो नाहीतर नुसता फॅन साफ केलेला असो. असं असेल तर राऊटर बदलू नका, रिपीटर घेऊ नका, परत विंडोज तर मुळीच मारू नका. आधी अँटेनाची वायर बघा.

आतली रचना साधी आहे. लॅपटॉपची वायफाय अँटेना बहुतेक वेळा झाकणात असते, स्क्रीनच्या वरच्या नाहीतर बाजूच्या कडेला, प्लास्टिकच्या पट्टीमागे. तिथून केसासारख्या बारीक दोन वायरी, बहुतेक एक काळी आणि एक पांढरी किंवा राखाडी, बिजागरीतून खाली येतात आणि मदरबोर्डवरच्या छोट्या वायफाय कार्डावर दोन पिटुकल्या गोल कनेक्टरना लागतात. हे कनेक्टर जेमतेम दोन मिलिमीटरचे. वरून दाबले की टिचबटणासारखे टिच करून बसतात, बस्स, त्यांना ना स्क्रू ना लॉक. मदरबोर्ड बाहेर काढायचा, झाकण वेगळं करायचं किंवा बिजागरी बदलायची तर या वायरी काढाव्याच लागतात, आणि परत लावताना घाईत एखादी अर्धवट बसते नाहीतर बसल्यासारखी दिसते आणि बसलेली नसते.

मग वायर सुटली तर वायफाय एकदम बंदच का पडत नाही? कारण कार्डाच्या त्या उघड्या पिनवरसुद्धा थोडाफार सिग्नल पोचतो. राऊटर शेजारी असला की तेवढा पुरतो. म्हणूनच दुकानात, जिथे राऊटर टेबलावरच असतो, तिथे लॅपटॉप व्यवस्थित चालताना दिसतो आणि घरी आणल्यावर परत तेच. दुकानदार खोटं बोलतोय असं दर वेळी नसतं, त्याला खरंच दिसत नाही.

आता ज्या लॅपटॉपवरून हे लिहितोय तो माझ्या मावसभावाचा, देवबागला. होमस्टे आहे त्याचं, बुकिंग आणि हिशेब सगळं त्याच्यावर. घर जांभ्या चिऱ्याचं, जुन्या जाड भिंती, राऊटर पडवीत आणि बसायची जागा माजघराच्या पलीकडे. झाकणाची बिजागरी तुटली होती, ती एका दुकानातून करून आणली आणि तेव्हापासून हा त्रास. दुकानात परत दिला तर त्यांनी विंडोज नवीन टाकून दिलं, फरक शून्य. पुन्हा दिला तेव्हा उघडून काहीतरी दाबलं असावं, कारण आल्यावर दांड्या फुल्ल दिसल्या, आणि पाऊस सुरू व्हायच्या सुमारास परत गेल्या. फोनवर म्हणाला, "दादा, मोबाईलाक रेंज फुल्ल हा, लॅपटॉपाकच काय झाला काय माहीत." घरातल्या सगळ्यांचं मत की चिऱ्याच्या भिंतीमुळे होतंय. चिरा सिग्नल खातो हे खरंच आहे, पण चिरा मोबाईलला सोडून फक्त लॅपटॉपचाच सिग्नल कशाला खाईल.

हे नुसतं बोलण्यापेक्षा मोजून बघता येतं आणि मोजायला काही विकत घ्यावं लागत नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाका:

```
netsh wlan show interfaces
```

त्यात Signal समोर टक्के येतात. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत लोकेशन चालू करा असं सांगतं, तेवढं सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचं. सिग्नलची ताकद खरं तर डीबीएम या एककात मोजतात, टक्क्यांचे डीबीएम करायला अर्धे करा आणि त्यातून शंभर वजा करा. म्हणजे ३४ टक्के असतील तर १७ वजा १००, उणे ८३. शंभर टक्के म्हणजे उणे ५० किंवा त्याहून चांगला, त्याच्यावरचं विंडोज टक्क्यांत दाखवत नाही. मोबाईलवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं कुठलंही अ‍ॅप थेट डीबीएम दाखवतं. आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला, उणे ६५ च्या आसपास व्हिडिओ कॉल नीट चालतो आणि उणे ८० च्या खाली गेलं की पान उघडायलाच वेळ लागतो.

आता खरी गंमत दोन जागी मोजण्यात आहे. भावाच्या टेबलावर मोबाईल उणे ५८ आणि लॅपटॉप उणे ८३, म्हणजे फरक २५. मग दोन्ही घेऊन पडवीत राऊटरपासून हातभर अंतरावर गेलो, मोबाईल उणे ३१ आणि लॅपटॉप ९० टक्के, म्हणजे उणे ५५. फरक २४. दोन्ही जागी फरक जवळजवळ सारखाच. भिंतीचा दोष असता तर राऊटरजवळ दोघं सारखे झाले असते, कारण तिथे मधे भिंतच नाही. फरक जागेबरोबर न बदलता मशीनबरोबर चिकटून राहतोय म्हणजे सिग्नल लॅपटॉपच्या आत कुठेतरी गळतोय. मोबाईल आणि लॅपटॉपमध्ये पाच-सात डीबीचा फरक असू शकतो, त्याचं काही नाही, पण वीस-पंचवीस डीबी म्हणजे ताकद शंभर ते तीनशे पटीने कमी, तेवढं अँटेना जागेवर असताना होत नाही. एक काळजी घ्या, मोजताना दोन्ही एकाच बँडवर ठेवा, मोबाईल पाच गिगाहर्ट्झवर आणि लॅपटॉप २.४ वर असेल तर त्या तुलनेला अर्थ नाही.

सॉफ्टवेअरची शंका असेल तर ड्रायव्हर एकदा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून टाकून बघा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचं पॉवर सेव्हिंग बंद करून बघा, इथे जास्त वेळ घालवू नका. ड्रायव्हर बिघडला की कनेक्शन तुटतं, कार्ड गायब होतं, स्पीड खालीवर होतो. पण प्रत्येक जागी मोजून तितकाच सिग्नल कमी, असं ड्रायव्हर सहसा करत नाही.

यानंतर झाकणाची टेस्ट. पॉवरशेलमध्ये हे चालू ठेवा:

```
while(1){netsh wlan show interfaces | findstr Signal; sleep 1}
```

आणि झाकण हळूहळू पुढे-मागे करा, प्रत्येक कोनात दहाएक सेकंद थांबा कारण विंडोजचा आकडा सावकाश बदलतो. झाकणाच्या कोनाबरोबर सिग्नल उड्या मारत असेल तर वायर बिजागरीत चिमटली आहे, आतून तुटत आली आहे किंवा झाकण उघडताना कार्डावरून ओढली जातेय. आकडा ढिम्म हलत नसेल तर बहुतेक कार्डाजवळचाच कनेक्टर सुटलाय. भावाच्या लॅपटॉपचं झाकण पूर्ण मागे टाकलं की चार-पाच टक्के कमी व्हायचे, जास्त नाही. हे तेव्हा विशेष वाटलं नाही पण पुढे उपयोगी पडलं.

आता जी गोष्ट दुकानात सहसा कोणी करत नाही ती. अँटेना दोन असतात आणि विंडोज दोघींचा मिळून एकच आकडा दाखवतं, आणि त्यात जी चांगली चालते तिचाच वरचष्मा. म्हणजे एक अँटेना पूर्ण सुटलेली असली तरी दुसरी ठीक असेल तर दांड्या फुल्ल दिसतात, फक्त स्पीड निम्म्याच्या आसपास राहतो आणि अडथळे आले की कनेक्शन लगेच ढेपाळतं. दोघींचे आकडे वेगळे बघायचे तर पेनड्राइव्हवर उबंटू ही लिनक्स सिस्टीम घ्या आणि इन्स्टॉल न करता 'ट्राय' वरून चालवा. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला विंडोज लावतं ते कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा, बूटची सेटिंग बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं. वायफाय जोडा आणि टर्मिनलमध्ये:

```
iw dev
iw dev wlp2s0 station dump | grep signal
```

पहिल्या कमांडने कार्डाचं नाव कळतं, wlp2s0 च्या जागी तुमच्याकडे जे येईल ते टाका. iw नसेल तर sudo apt install iw. भावाच्या लॅपटॉपवर त्याच टेबलावर हे आलं:

```
signal:  -83 [-83, -94] dBm
```

कंसातले दोन आकडे म्हणजे दोन अँटेना. एक अगदीच मेलेली आणि दुसरी अर्धमेली. इंटेलच्या कार्डांवर हे आकडे दिसतात, काही इतर कार्डांचे ड्रायव्हर देत नाहीत, आणि स्वस्तातल्या काही लॅपटॉपमध्ये अँटेनाच एक असते तिथे अर्थात एकच आकडा. निरोगी लॅपटॉपमध्ये दोन आकड्यांत पाचेक डीबीचा फरक चालतो, दहाच्या वर सतत दिसायला लागला की शंका घ्या. कंसातला पहिला आकडा म्हणजे काळीच वायर असं मात्र धरून चालू नका, कुठली कुठे ते वायर हलवूनच कळतं.

मग उघडायचं. लॅपटॉप नीट शट डाऊन करा, स्लीप किंवा हायबरनेट नको, चार्जर काढा, खालचं कव्हर उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. स्क्रू लांबीला वेगवेगळे असतात, ज्या जागेचे त्या क्रमाने कागदावर ठेवा, लांब स्क्रू छोट्याच्या जागी पिळला तर तो वर कीबोर्डच्या बाजूला टेंगूळ काढतो. कव्हरच्या कडेला जुनं एटीएम कार्ड चालतं, स्क्रूड्रायव्हरची टोकं घालू नका. वायफाय कार्ड म्हणजे साधारण पोस्टाच्या तिकिटाएवढं, एका स्क्रूने धरलेलं, त्यावर दोन बारीक वायरी आलेल्या दिसतील. काही लॅपटॉपमध्ये कार्ड वेगळं नसतं, चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते आणि कनेक्टरही बोर्डवरच असतात, बाकी सगळं तेच.

टॉर्च तिरका मारून बघा. सरळ वरून दोन्ही बसलेलेच दिसतात, बाजूने बघितलं की फरक कळतो, बसलेला कनेक्टर कार्डाला समांतर आणि खाली टेकलेला असतो, न बसलेला थोडा कलतो नाहीतर शेजारच्यापेक्षा उंच दिसतो. भावाच्या कार्डावर पांढऱ्या वायरीचा कनेक्टर खाचेच्या बाजूला नुसता टेकून पडला होता आणि काळीचा एका अंगाने चढलेला होता, दुसऱ्या अंगाला केसभर फट. कार्डावर कुठली वायर कुठे हे बारीक अक्षरात किंवा काळ्या-पांढऱ्या त्रिकोणांनी छापलेलं असतं, आधी फोटो काढून ठेवा.

काढताना वायर धरून ओढायची नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. प्लास्टिकच्या चपट्या टोकाने कनेक्टरच्या खालच्या कडेला हलकेच धरून सरळ वर उचलायचं. लावताना आधी तो बरोबर मधोमध येईपर्यंत बोटाने अलगद फिरवत ठेवायचा, नीट जागेवर आला की तो आपोआप थोडा अडकतो आणि इकडेतिकडे सरकत नाही, तेव्हाच प्लास्टिकच्या चपट्या टोकाने सरळ खाली दाबायचं. टिच जाणवलं पाहिजे. जाणवलं नाही आणि जोर लावावा लागतोय तर थांबा, तो वाकडा आहे, तसाच दाबलात तर कार्डाच्या बाजूची रिंग चेपते आणि मग कार्डच गेलं. या कनेक्टरांचं आयुष्य साधारण तीसएक वेळा काढणं-घालणं एवढंच धरलेलं असतं, म्हणून "बघू या जरा" म्हणून उगाच काढून-घालून बघत बसू नका.

इथेच एक प्रयोग करून घेतला. आधी फक्त काळी वायर नीट बसवली, बॅटरी जोडली, कव्हर नुसतं वर ठेवलं आणि पेनड्राइव्हवरून चालू करून बघितलं तर:

```
signal:  -60 [-60, -94] dBm
```

म्हणजे विंडोजमध्ये ८० टक्के दिसणार, दांड्या फुल्ल, गिऱ्हाईक खूश, आणि पांढरी अजून हवेतच. मागच्या वेळी दुकानात हेच झालं असणार असा माझा अंदाज, एक दाबली, दांड्या आल्या, बंद करून दिलं, आणि नंतर तीही निघाली. परत बंद करून, बॅटरी सोडवून पांढरी बसवली:

```
signal:  -59 [-59, -61] dBm
```

आणि लिस्टमध्ये पाच गिगाहर्ट्झचं नेटवर्कही आलं.

पण हे पुन्हा पुन्हा का होतं? बसवलेला कनेक्टर आपणहून सहसा निघत नाही, त्याला कोणीतरी ओढत असतं. कंपनीतून लॅपटॉप येतो तेव्हा या वायरी कव्हरमधल्या प्लास्टिकच्या छोट्या हुकांतून फिरवलेल्या असतात, मधे मधे टेप असते, आणि बऱ्याच मॉडेलांत दोन्ही कनेक्टरांवर पत्र्याची एक छोटी पट्टी किंवा फोमचा तुकडा दाबून बसवलेला असतो. भावाच्या लॅपटॉपमध्ये बिजागरीजवळचे दोन हुक रिकामे होते, वायर सरळ तिरकी नेलेली, ताणलेली. झाकण मागे टाकलं की ती तणावायची, म्हणून ते चार-पाच टक्के. कनेक्टरांवरची फोमची पट्टी तर गायबच, फक्त चिकटपणाचा डाग राहिलेला. होमस्टेमध्ये झाकण दिवसातून कितीदा उघडबंद होतं ते सांगायला नको, प्रत्येक वेळी एक छोटा हिसका. ही गोष्ट न सुधारता कनेक्टर कितीही वेळा दाबलात तरी काही आठवड्यांनी परत तिथेच येणार.

म्हणून वायर परत हुकांतून फिरवली, कार्डाच्या अलीकडे थोडी ढील ठेवली, झाकण पूर्ण उघडं आणि पूर्ण बंद करून वायर कुठे ताणत नाही आणि बिजागरीत चिमटत नाही ना ते बघितलं. ढील जास्त झाली तर ती फॅनच्या पात्यात जाते, तेवढी नको. मग दोन्ही कनेक्टरांवर कॅप्टॉन टेपचा, म्हणजे मोबाईलवाले वापरतात त्या पिवळसर उष्णता सोसणाऱ्या टेपचा छोटा तुकडा आणि त्याच्यावर पातळ फोम, जेणेकरून खालचं कव्हर बसलं की तोच त्यांना हलकेच दाबून धरेल. फोम जाड घेतला तर कव्हर फुगतं आणि कार्डावर दाब येतो. इलेक्ट्रिशियनची काळी टेप नको, गरम झाली की तिचा गोंद सुटतो आणि सगळीकडे लागतो. फेविक्विक किंवा ग्लू गनचा थेंब टाकणारेही बघितलेत, त्यांना माझा नमस्कार, पुढच्या वेळी ते काढताना कनेक्टर कार्डासकट उखडतो.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी अजून एक. देवबागला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी, खारी हवा कुठे जाणार. नीट बसलेल्या कनेक्टरला ती फारसं काही करत नाही, पण अर्धवट बसलेल्याच्या फटीत ओल आणि मीठ शिरतं आणि पिनेवर पांढरट किंवा हिरवट थर बसतो. मग दाबून बसवूनही सिग्नल दहा-बारा डीबीने कमीच राहतो. नव्व्याण्णव टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, दोन्ही बाजू हलक्या हाताने पुसायच्या, पूर्ण सुकू द्यायचं आणि मगच बॅटरी जोडायची. सॅनिटायझर नको, गंजाचा स्प्रे तर अजिबात नको.

एवढं करूनही एक आकडा खालीच राहिला तर दोन्ही वायरी कार्डावर अदलाबदल करून लावा, चाचणीपुरतं त्याने काही बिघडत नाही. कमी आकडा वायरीबरोबर दुसऱ्या जागी गेला तर वायर किंवा अँटेना खराब, बहुतेक बिजागरीत तुटलेली, ती झाकण उघडून पूर्ण बदलावी लागते आणि ते काम स्क्रीन सांभाळून करणाऱ्याकडेच द्यावं. कमी आकडा जागचा हलला नाही तर कार्डाचा कनेक्टर गेला. मल्टीमीटर लावणाऱ्यांना एक सूचना, लॅपटॉपच्या बऱ्याच अँटेना मुळातच अशा असतात की मधली तार आणि बाहेरची जाळी यांत बीप वाजतो, त्यामुळे बीप आला म्हणजे शॉर्ट असं समजून चांगली अँटेना फेकू नका. दोन्ही वायरींची तुलना करा, एक वाजतेय आणि एक नाही असं असेल तर जी वाजत नाही ती संशयित.

कार्ड बदलायची वेळ आली तर जुन्यावरचा नंबर बघूनच घ्या. इंटेलची काही कार्डं, उदाहरणार्थ एएक्स२०१ आणि एएक्स२११, ठरावीक इंटेल मदरबोर्डवरच चालतात, एएक्स२०० आणि एएक्स२१० मात्र साध्या स्लॉटवर चालतात. कनेक्टरचेही दोन आकार आहेत, जुन्या कार्डांचा थोडा मोठा आणि हल्लीच्यांचा लहान, मोठा लहानावर ठेवला तर बसल्यासारखा वाटतो आणि टिच कधीच होत नाही. बोर्डावर सोल्डर केलेल्या चिपचा कनेक्टरच उखडला असेल तर ते मायक्रोस्कोपखाली सोल्डरिंग करणाऱ्याचं काम आहे, तो मिळेपर्यंत यूएसबीचा वायफाय डोंगल लावा, पण थेट पोर्टात न खुपसता हातभर एक्स्टेंशन वायरीने, कारण काही यूएसबी ३ पोर्टांचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवरच पडतो.